फक्त माझा कप

बजरंगला मिळायची होती कायमची नोकरी. औंढ्याचा गडी, मॅट्रिक, परदेशी चहा-पावडरच्या कंपनीत हंगामी सेल्समन. लोणावळा-मावळात माल खपला की पक्का. साल एकोणीसशे अडुसष्ट.

मालाची तऱ्हा अशी, की एका पुडीत एकाच कपाचा चहा. पोस्टरवर एक बाई, डोळे मिटून एकटीच चहा पितेय. खाली मोठ्या अक्षरांत: ‘आता फक्त माझा कप!’ कंपनीच्या गोऱ्या साहेबाच्या देशात याच चित्रावर दुकानं रिकामी झाली होती. तिकडं बाईला घटकाभर एकटं बसायला मिळणं, हेच सुख.

बजरंगने ते आधी कुसगावला मावशीला, नंदाबाईला दाखवलं.

‘‘आन सासू कुटं हाय हिची?’’

‘‘चित्रात न्हाई, मावशी.’’

‘‘आमी आठ माणसं एका पातेल्यात चा करतो. ही एकटीच ढोसती, वर डोळं मिटून! अशी सून हाकलून दिली असती मी. आन आठ जणांना आठ पुड्या? तुजा साहेब देतो का इकत घिऊन?’’

बजरंगने हे सगळं, साहेबाच्या भाषेत, तोडकंमोडकं, अहवालात लिहिलं. कार्बन लावून, एक प्रत स्वतःकडे ठेवून.

पुण्याचे मॅनेजर रखमाजीराव हसले. ‘‘साहेबाने पसंत केलेलं चित्र चुकलं म्हणून सांगणार कोण? तू?’’ त्यांनी नवा कागद टाइप केला: ‘गृहिणींना पोस्टर आवडले.’ खाली नाव बजरंगचं.

लोणावळ्याच्या हॉटेलात बैठक झाली. साहेबाने विचारलं, ‘‘कोणाला काही खटकतं? मोकळेपणी बोला.’’ सात जण बिस्किटांकडे बघत बसले. बजरंग अर्धा उठला, तोच मॅनेजरचा बूट त्याच्या पायावर पडला. बसला बिचारा. साहेबाच्या गावी गप्प बसणं म्हणजे होकार. आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे पोट सांभाळणं.

चार महिन्यांत न खपलेल्या पुड्यांचे ओलीने दगड झाले. दुकानदारांनी पोती परत पाठवली. साहेब लालबुंद होऊन पुन्हा बैठकीला आला. ‘‘मी विचारलं होतं ना?’’

‘‘अहवाल याचा आहे, सर,’’ रखमाजीराव म्हणाले.

तेव्हा मात्र बजरंगचं डोकं फिरलं. खिशातून कार्बनची प्रत काढून त्याने टेबलावर आपटली आणि भर बैठकीत मोठ्याने वाचली. सासू, पातेलं, आठ माणसं, काही सोडलं नाही. ‘‘माझं नाव लावून खोटं लिवलं यांनी!’’

साहेबाने बजरंगची पाठ थोपटली आणि विमानाने गेला. दिवाळीला नवं पोस्टर आलं: सासू मोठ्या पातेल्यातून ओततेय, भोवती सगळं घर. पुडीच्या जागी डबा. माल हातोहात खपला.

साहेबाला त्याच्या देशात शाबासकी. चित्र ‘सुचवलं’ म्हणून रखमाजीरावांना बढती. आणि वरिष्ठाला चारचौघांत खोटं पाडणारा माणूस कोणत्या मॅनेजरला चालतो? बजरंगचा हंगाम संपल्याचं पत्र रखमाजीरावांच्याच सहीने आलं.

‘‘चित्रात मी इचारलेली सासूच घातली की रं मेल्यांनी!’’ नंदाबाई म्हणाली. ‘‘मला काय दिलं? तुला काय दिलं?’’

बजरंगने पिशवीतून एक डबा काढून तिच्यापुढे ठेवला. तोही त्याने दुकानातून रोख घेतला होता.