झाड थोरलीचं, सोनं गावाचं

उडीद बडवून बडवून थोरलीचे हात भरून आले होते. खळ्यावर ती एकटी, बोलायला काठी आणि ऐकायला शेंगा. पाऊस सरला होता, तरी माती अजून आतून ओली होती. पाय ठेवला की थंडगार लागे आणि वरून ऊन चटके देई. शेताच्या कडेला आपट्याचं झाड पानांनी गच्च भरून उभं होतं. पंचक्रोशीत एवढं जुनं दुसरं उरलं नव्हतं. दसऱ्याच्या आधी आठ दिवस गावाला त्या झाडाची आठवण येई. थोरलीची येत नसे.

कुंपणाला सायकल टेकवल्याचा आवाज आला, तशी तिने मान वर न करताच हाळी दिली, "पानं खुडा, फांदी मोडायची नाही. मोडली तर याद राखा."

"पानं उद्या, काकू. आज तुमच्याकडेच काम आहे."

शाळेवर नवीन आलेले गुरुजी होते. अंगाने काडी, पिशवी मात्र पोत्याएवढी. बांधावर बसून त्यांनी घडी घातलेला कागद काढला.

"उद्या शिवेवर माइकवरून सोन्याची गोष्ट वाचायचीय. आधी काका सांगायचे म्हणे दरवर्षी. ते गेल्यापासून कुणी सांगितलीच नाही. मी लिहून आणलीय, चुकलं तर सांगा."

"मी चौथी नापास बाई. गुरुजींच्या चुका काढू?"

"तुम्ही काकांच्या तोंडून किती वर्षं ऐकलीत?"

"सत्तावीस. शिवेवर एकदा आणि घरी तालीम चालायची ती वेगळी. भाकरी तव्यावर करपायची, पण कौत्साची गुरुदक्षिणा काही जमायची नाही." बोलता बोलता तिला हसू आलं. आपलाच आवाज तिला कित्येक दिवसांनी ऐकल्यासारखा वाटला.

गुरुजी वाचू लागले. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स. विद्या पुरी झाल्यावर दक्षिणा काय देऊ म्हणून गुरूच्या मागेच लागला. गुरू म्हणाले, काही नको. तो हटेना. शेवटी गुरू चिडले. चौदा विद्या शिकवल्या, तर आण म्हणाले चौदा कोटी मोहरा. पोरगा गेला रघुराजाकडे. राजाने यज्ञात सगळं दान करून टाकलेलं, घरात मातीची भांडी उरलेली. पण दारी आलेल्याला रिकामं कसं धाडायचं? त्याने कुबेरावरच स्वारी करायचं ठरवलं. कुबेर घाबरला आणि त्याने रातोरात आपट्याच्या झाडावर मोहरांचा पाऊस पाडला.

"'कौत्साने चौदा कोटी मोहरा गुरूंना दिल्या,'" गुरुजी वाचत होते, "'आणि उरलेल्या राजाने खजिन्यात ठेवल्या.'"

काठी थांबली.

"कुठे ठेवल्या?"

"खजिन्यात. का हो?"

"मग पानं कशाला वाटता? कुलूप वाटा की." थोरली पदराने घाम पुसत जवळ आली. "अहो, गोष्टीचा जीव तिथेच आहे, आणि तुम्ही तिथेच तिचा गळा दाबलात. कौत्स म्हणाला, गुरूचे चौदा कोटी तेवढे माझे, वर एक मोहर मला नको. राजा म्हणाला, तुझ्यासाठी मागवलं ते सगळं तुझं, मी हात लावणार नाही. दोघं अडून बसले. भांडणच म्हणा. पण कसलं? तू घे, छे, तू घे. आपल्याकडे उलटं असतं."

"मग?"

"मग काय. ढीग राहिला झाडाखाली. गावाला सांगितलं, न्या लुटून. लोकांनी आधी झाडाची पूजा केली, मग सोनं नेलं. म्हणून 'सोनं लुटणं' म्हणतात. शमीचंही घाला. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं तिच्या ढोलीत ठेवली आणि ती दसऱ्याला काढली, म्हणून पूजा शमीची. ती नसेल तिथे आपट्याची. मुळाशी हळदकुंकू, अक्षता, सुपारी. पण वाटायचं ते आपट्याचं पान. आणि पान देणारा काय सांगतो? माझ्यापाशी अडवून ठेवलेलं काही नाही, घे…"

ती तिथेच अडखळली. गुरुजी खाली मान घालून लिहीत होते. बरं झालं.

चार वर्षांपूर्वीचा दसरा तिच्या डोळ्यांपुढे आला. नवरा जाऊन तीनच महिने झाले होते. धाकटा दीर कोयता घेऊन झाडावर चढला आणि दरवर्षीसारखी त्याने मोठी फांदी उतरवली. तिच्या तोंडून निघून गेलं, "भावाच्या सरणाला लाकूड कमी पडलं होतं का? माझ्या झाडाला हात लावायचा नाही." सगळं गाव खाली उभं होतं. दीर फांदी तिथेच टाकून उतरला. त्या दिवसापासून त्याचं घर तिच्या बांधावर आलं नाही. गावाने दिराची बाजू घेतली नाही, पण घेतल्यासारखंच झालं. लोक पानं नेत, कुंपणातूनच. जिभेला धार असलेल्या बाईच्या दारात कोण जाणार?

दसऱ्याला दुपार कलल्यावर वाजतगाजत लोक शीव ओलांडायला गेले. थोरलीने अंगणातूनच माइकवरचा गुरुजींचा आवाज ऐकला. "तू घे, छे, तू घे," असं ते म्हणाले तेव्हा शिवेवरून हशा ऐकू आला. गोष्ट नीट सांगितली होती त्यांनी.

तिने ताटात पानं काढून ठेवली होती. आलेल्याला परत द्यायला हवीत, घेतलं आणि दिलं नाही असं सोन्यात चालत नाही. दिवेलागण झाली. गल्लीतून आवाज येऊ लागले, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." पावलं जवळ येत आणि पुढे जात. एकदा फाटक करकरलं. गुरुजी होते. पान देऊन वाकले, "काकू, काय दाद मिळाली म्हणून सांगू," म्हणाले आणि घाईने गेले. त्यानंतर फाटक वाजलं नाही. ताटातलं एक पान कमी झालं, बाकी तशीच.

धाकट्यांनी थोरल्यांकडे यायचं, ही रीत. चार वर्षं ती रीतीला टेकून बसली होती. चांगली मऊ उशी मिळाली होती तिला.

ती उठली. ओंजळभर पानं घेतली आणि पाच घरं ओलांडून दिराच्या ओट्यापाशी उभी राहिली. दीर खांबाला टेकून बसला होता. तिला पाहताच उठून आत गेला. धाकटी जाऊ उंबऱ्यात आली आणि दोन्ही हातांनी चौकट धरून राहिली.

"चुकून आलात का?"

"नाही. आपल्या पायांनी आले."

"थोरल्यांनी यायचं नसतं."

"माहितेय. चार वर्षं तेच घोकतेय." "मी बोलले ते वाईट बोलले. झाड माझ्या वाटणीला आलं, सोनं नव्हतं आलं. ते मी अडवायला नको होतं. हे घे, आणि आत त्यालाही दे."

धाकटीने चौकट सोडली. पानं घेतली, वाकली. मग तशीच उभी राहिली, गोंधळून. घेतलं, आता परत द्यायला हवं. तिने कोनाड्यातून एक पान आणलं आणि मुठीत धरून ठेवलं.

"द्यायचं नाही का मला?"

मूठ उघडली. पान मोठं, लुसलुशीत, तळहाताएवढं. डांबरी रस्त्याच्या कडेला लावलेल्या कांचनाचं. आपट्याचं पान याच्याहून लहान, जाड, हाताला खरखरीत. दोन पाळ्या दोघांनाही असतात, त्यावर शहरातली माणसं फसतात. या घरातलं कुणी फसणारं नव्हतं. दीर तर लहानपणापासून आपट्यावर चढलेला. चार वर्षं ही माणसं जाणून-बुजून कांचन आणत होती.

धाकटी तिच्याकडे बघत होती. थोरलीच्या जिभेचं काय सांगावं.

थोरलीने ते पान दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं.

"सोन्यासारखी राहा," ती म्हणाली.

आतून दिराचा आवाज आला, दाराकडे नाही, भिंतीकडे तोंड करून बोलल्यासारखा. "वहिनीला बस म्हणावं."

ती बसली. धाकटी थोरलीची पानं घेऊन आत गेली.