सातव्या दृश्याचा खर्च

निनादच्या लघुपटाची संहिता अकरा पानांची होती. स्वरदाने ती पहिल्यांदा वाचली तेव्हा शेवटाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा मात्र ती पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसली. अशा वाचनात रडायचं नसतं, मोजायचं असतं.

अवधपुरीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिने सकाळपासून ती पानं जेवणाच्या टेबलावर पसरली होती. प्रत्येक पानाचे आठ भाग पाडायचे, कुठलं दृश्य किती भाग खातं ते मांडायचं. घरातलं की बाहेरचं, दिवसाचं की रात्रीचं, कोण कोण आहे, हातात काय आहे, अंगावर काय आहे. भोपाळमध्ये लहान फिल्म आणि जाहिरातींचं निर्मिती-व्यवस्थापन ती सहा वर्षं करत होती. संहितेतला एकेक शब्द प्रत्यक्षात किती माणसं आणि किती सामान मागतो, हे तिला वाचता वाचता दिसायचं.

संहिता साधी होती. कारखान्यातून निवृत्त झालेला एक फिटर, कारखान्याच्या बरखेडा वसाहतीतलं त्याचं क्वार्टर, रिकामं करायला उरलेले चार दिवस. दहापैकी आठ दृश्यं त्या एकाच घरात होती. दिवसाला चार पानं धरली तर तीन दिवसांत काम उरकणार होतं. एक कॅमेरा, दोन लेन्स, घरच्या विजेवर चालणारे तीन दिवे, आवाजाला एक रेकॉर्डर आणि लांब दांडीचा माईक. माणसं नऊ. एडिटिंग, आवाजाचं काम, दोन हार्ड डिस्क, जेवणखाण, गाड्या आणि अडीअडचणीसाठी दहा टक्के धरून आकडा आला दोन लाख अडतीस हजार. अनुदान देणाऱ्या संस्थेची मर्यादा अडीच लाखांची होती.

पण त्यात सातवं दृश्य नव्हतं.

सातवं दृश्य फक्त तीन ओळींचं. पहाट, धुकं. म्हातारा एकटा नाव वल्हवत मोठ्या तलावाच्या मध्यावर जातो, मांडीवरची हत्यारांची पेटी नावेत ठेवतो आणि पाण्यात उतरतो.

या तीन ओळी पानाचे जेमतेम दोन भाग खात होत्या. पण पहाटेचा तो उजेड वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो, म्हणजे चुकलं तर पुन्हा दुसरी पहाट. त्यामुळे चौथा दिवस. कॅमेऱ्यासाठी वेगळी बोट, सोबत जीवरक्षकांची बोट. पाण्यात चालणारं कॅमेऱ्याचं कवच आणि ते वापरणारा माणूस. भिजल्यावर बदलायला एकाच कपड्यांचे तीन जोड, शेगडी, डॉक्टर. आणि म्हाताऱ्याचं काम करणार होते गोपीनाथकाका. वय एकाहत्तर, महिना जानेवारी.

एकूण आकडा तीन लाख बारा हजारांवर गेला.

"बासष्ट हजार जास्त," फोनवर निनाद म्हणाला. "यार, तू पण ना! काकांना पोहता येतं. लहानपणापासून विहिरीत उड्या मारलेला माणूस आहे."

"पोहता येतं म्हणून जीवरक्षक काढता येत नाहीत, निनाद. गार पाण्यात छाती आवळली तर पोहणं काय कामाचं?"

"तू फाइल पाठव. मी बघतो."

तिने फाइल पाठवली. वर लिहिलं, 'सातवं दृश्य बदल, नाहीतर मर्यादा ओलांडली आहे असं संस्थेला सांगू.' निनादचं उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बिट्टन मार्केटजवळच्या संस्थेच्या कार्यालयात सगळे जमले. निनाद इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. गोपीनाथकाकाही आले होते, केस नीट बसवलेले, एखाद्या परीक्षेला यावं तसे. समोर वसुधाताई होत्या. अर्ज तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी छापील प्रती वाटल्या.

स्वरदाने शेवटचं पान उलटलं. दोन लाख अठ्ठेचाळीस हजार.

तिने घाईघाईने ओळी चाळल्या. चौथा दिवस गायब. दहा टक्क्यांची राखीव रक्कम गायब. जीवरक्षकांची ओळही नव्हती. सातवं दृश्य मात्र जसंच्या तसं होतं. पानाच्या तळाशी छापलं होतं, 'खर्चाचा अंदाज : स्वरदा देशमुख'.

तिने निनादकडे पाहिलं. तो टेबलाच्या काचेकडे बघत होता.

"सातवं दृश्य," वसुधाताईंनी चष्मा सारखा केला. "पाण्यात काकांबरोबर कोण असणार?"

"मीच असेन, बोटीत," निनाद म्हणाला. "काका उत्तम पोहतात."

"अगदी," काका म्हणाले. "माझी काळजी करू नका."

वसुधाताई स्वरदाकडे वळल्या. "अंदाज तुमचा आहे. तुमचं काय म्हणणं?"

स्वरदाने तळाशी छापलेल्या आपल्या नावाकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर निनादला दोन वर्षांनी पहिल्यांदा पैसे मिळणार होते. नाही म्हटलं तर तिच्या तोंडून त्याची फिल्म बुडणार होती, तीही त्याच्या समोर. पण नाव तिचं होतं. पाण्यात काही झालं असतं तर हा कागद उघडून लोकांनी विचारलं असतं, ही ओळ कोणी काढली?

"हा माझा अंदाज नाही," ती म्हणाली. पिशवीतून तिने स्वतःची प्रत काढली. "माझा तीन लाख बारा हजारांचा आहे. हे दृश्य असंच ठेवायचं असेल तर त्यापेक्षा कमीत होत नाही. निदान मी तरी करणार नाही."

तिने ती प्रत वसुधाताईंपुढे सरकवली.

"स्वरदा!" निनाद पुटपुटला.

काका लाल झाले होते. "मला म्हातारा ठरवलंस तू सगळ्यांसमोर."

"नाही काका. तुम्हाला नऊ माणसांच्या टीममधला एक माणूस धरलं. बाकी आठ जणांसाठी जे धरलं असतं, तेच."

वसुधाताईंनी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. पानं उलटत दोन्हींतल्या ओळी ताडून पाहिल्या. मग म्हणाल्या, "तीन लाख आमच्याकडे नाहीत. आणि जीवरक्षक नसलेला हा कागद मी मंजूर करणार नाही. शुक्रवारपर्यंत अडीच लाखांत बसणारी संहिता आणा. अंदाज स्वरदांच्या सहीचा हवा."

बाहेर आल्यावर निनाद स्कूटरजवळ थांबला.

"मला आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं. तू माझं नाव ठेवलंस आणि आकडे बदललेस."

काका दोघांच्या मधून पुढे गेले, चार पावलांवर थांबले आणि वळले.

"निनाद, तो माणूस पाण्यात का उतरतो रे?"

"सगळं सोडायचं असतं त्याला."

"मग त्याने स्वतः कशाला उतरायला हवं? चाळीस वर्षांची हत्यारं आहेत ना त्या पेटीत? ती नावेत ठेवून नाव सोडून दिली तर? मी घाटावरच उभा राहीन. पायऱ्यांवर. पाण्यात पायसुद्धा घालणार नाही." ते स्वरदाकडे न पाहता म्हणाले, "किती होतील मग?"

स्वरदाने पिशवीतून पेन्सिल काढली आणि स्कूटरच्या सीटवर कागद ठेवला. काठावरून कॅमेरा, म्हणजे कवच आणि बोटी नाहीत. नावेला पाण्याखालून दोरी, ती ओढून परत आणता येईल. पहाटेचं काम आटोपून त्याच दिवशी क्वार्टरमधली शेवटची दोन दृश्यं, म्हणजे चौथा दिवस नाही. नाव, दोरी आणि घाटावर उभा एक जीवरक्षक मिळून नऊ हजार.

"दोन लाख सत्तेचाळीस," ती म्हणाली. "राखीव रकमेसह."

"घाटावर जीवरक्षक कशाला?" निनादने विचारलं.

"शेवाळ असतं."

निनादने कागद हातात घेतला. तो रागावलेलाच होता, ते तिला दिसत होतं. तरी त्याने पेन्सिल मागितली आणि तिथेच, सीटवर वाकून, सातवं दृश्य खोडायला सुरुवात केली.

शुक्रवारी अंदाज मंजूर झाला. चित्रीकरणाच्या तिन्ही दिवसांत निनाद तिच्याशी कामापुरतंच बोलला. पण रोज सकाळी काम सुरू करण्याआधी त्या दिवसाच्या कामाचा कागद तिच्याकडून घ्यायचा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि खाली सही करून परत द्यायचा.