हातमशीन बंद झाले तेव्हा

कंपनीने हाताने फिरवायचे शिलाई मशीन बंद केले, तेव्हा पार्ल्याच्या दुकानदार वनमालाबाईंनी नेहमीच्या गिऱ्हाइकांना पोस्टकार्डे धाडली: ‘त्याऐवजी नवे पायमशीन घ्यावे.’ सुगंधाचे कार्ड मात्र त्यांनी लिहून फाडून टाकले. अंधेरीला सुगंधा ज्या मुलींना शिवण शिकवी, त्यांचे पाय पोलिओने अधू झालेले होते. तिला पायमशीन सुचवायचे कोणत्या तोंडाने?

नव्या मशीनला हाताने फिरवायची मूठ बसवून पाहिली, पण त्याचे चाक भरीव असल्याने मूठ अडकायला जागाच नव्हती. शेवटी बाईंनी सुट्या भागांच्या कपाटातून जुने, आऱ्यांचे चाक काढून त्यावर चढवले. ते चपखल बसले.

दुसऱ्या दिवशी मशीन रिक्षात घालून त्या स्वतः अंधेरीला गेल्या.

“मावशी, तुम्ही कशाला आलात? बोलावलं असतंत तर मी आले असते,” सुगंधा म्हणाली.

“हातमशीन बंद झालंय गं,” बाई म्हणाल्या.

कोपऱ्यातली मंजुळा पटकन म्हणाली, “मग आम्हीपण बंद!”

“गप गं! आधी फिरवून बघ, मग बोल,” बाईंनी दटावले आणि मशीन तिच्यापुढे सरकवले.

मंजुळाने डाव्या हाताने कापड धरले, उजव्याने मूठ फिरवली. पहिली टीप जरा वाकडी गेली, दुसरी सरळ आली.

“हलकं चालतंय, मावशी!”

“चालणारच,” बाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपत सुगंधाला दरडावल्या, “बघत काय बसलीस? किती हवीत ते सांग. तेवढी जुनी चाकं मला जमवायची आहेत.”