मास्तरांचा कागदी महिना

निवृत्तीनंतर गणिताच्या मास्तरांनी महिनाभर शेअर बाजारात पैसे न लावता नुसते वहीवर व्यवहार केले. नियम त्यांचाच: शेअर दोन रुपये पडला की तोटा घेऊन विकायचा, चार चढला की नफा घेऊन. वीस व्यवहारांत नऊ जिंकले, अकरा हरले, तरी हिशेब फायद्यात. ग्रॅच्युइटीचे पाच लाख लावायला मास्तरीणबाई तयार झाल्या, पण आधी थोड्या खऱ्या पैशांनी दाखवा म्हणाल्या.

पहिल्याच सकाळी मास्तरांनी शंभर शेअर घेतले. भाव दीड रुपया पडताच त्यांनी दोनला आपोआप विकणारी ऑर्डर रद्द केली.

"अहो, दोनला विकायचं होतं ना?"

"आज बाजाराचा मूड वेगळा आहे. वर येईल."

भाव सहा रुपये पडला. मास्तरांनी डोळे मिटून विकलं. दोनशेच्या जागी सहाशे गेले.

"वहीत अकरा वेळा हरलो," ते पडेल आवाजात म्हणाले, "एकदाही नियम मोडावासा वाटला नव्हता."

बाई हसल्या नाहीत. "उद्या एकच शेअर घ्या," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एक शेअर घेतला. भाव पडू लागला. मास्तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. दोन रुपये पडताच तो आपोआप विकला गेला.

"हरलो!" मास्तर ओरडले. "अगदी नियमाप्रमाणे हरलो!"

बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "आणि ही दलाली?"

दोन रुपयांच्या तोट्यावर दलाली त्याहून जास्त होती. वहीत ती धरलीच नव्हती.

"पाच लाख बँकेतच बरे आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही आणखी महिनाभर एकेक शेअरच हरा."