पाचवं घमेलं

मिस्त्रींच्या उत्तरपत्रिकेवर २५ पैकी १९ लिहिलं आणि मला राग आला. मिस्त्रींचा नाही, त्या एका मार्काचा. किमान वीस मिळाले तरच परीक्षेच्या फॉर्मवर सही करीन, असं वर्गात ठणकावून सांगणारी मीच. फॉर्म भरायचा शेवटचा दिवसही आजचाच.

आमचा वर्ग वाचनालयाच्या माडीवर भरतो. शाळा अर्धवट सुटलेली मोठी माणसं रविवारी सकाळी येतात. मिस्त्री गवंडीकाम करतात, वय पंचेचाळीस. गुडघे बोलायला लागलेत, परांचीवर चढवत नाही. गणित सुटलं तर कंत्राटदार त्यांना सुपरवायझर करणार. नाहीतर त्याच गुडघ्यांनी परांची चढायची. दोनदा नापास झालेत. पहिल्याच दिवशी मी त्यांना चिडवलं होतं, "मिस्त्री, तुमच्या पास होण्याच्या विरुद्ध ऑड्स चारास एक!" ऑड्स म्हणजे हरण्याच्या आणि जिंकण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर. ते हसले होते. माझी जीभ जरा लांबच आहे.

मी पेपर वाटले. मिस्त्रींनी चष्मा पुसला, पेपर पाहिला आणि थेट टेबलाशी आले.

"बाई, हे सातवं चूक का दिलंत?"

सातवा प्रश्न असा: एका संघाच्या जिंकण्याच्या विरुद्ध ऑड्स ४ : १ आहेत, तर जिंकण्याची संभाव्यता किती? मिस्त्रींनी लिहिलं होतं १/५. माझ्या उत्तरांच्या कागदावर १/४ होतं. वर्गात बाकी सगळ्यांचंही १/४च, त्यामुळे मला शंकाही आली नाही.

"चारास एक म्हणजे एक चतुर्थांश, मिस्त्री. जागेवर बसा."

ते बसले नाहीत. "बाई, माल कालवताना एक घमेलं सिमेंट आणि चार घमेली वाळू घेतो. एकूण घमेली किती?"

"पाच."

"मग मालात सिमेंट किती?"

गेल्याच महिन्यात मीच फळ्यावर लिहिलं होतं: ऑड्समध्ये दोन बाजू समोरासमोर असतात, संभाव्यतेत एक बाजू सगळ्या बेरजेसमोर. उत्तरांचा कागद मात्र मी चहा पिता पिता उरकला होता. बत्तीस वर्षं गणित शिकवून अशी तोंडघशी पडले!

"पाचातलं एक," मी पुटपुटले.

"चारातलं एक म्हटलं, तर वाळू तीनच घमेली झाली," मिस्त्री समजावणीच्या सुरात म्हणाले. "ते विरुद्ध तीनास एक. तो माल वेगळा, बाई."

मी खडू उचलून त्यांच्या हातात दिला. "शिकवा. माझ्यासकट सगळ्यांना."

त्यांनी फळ्यावर एक चौकोन सिमेंटचा काढला, चार वाळूचे. जिंकणं एका चौकोनात, हरणं चार चौकोनांत. मग मी मुद्दाम उलटं विचारलं, "जिंकण्याची संभाव्यता ३/८ असेल, तर जिंकण्याच्या बाजूने ऑड्स किती?"

"आठ घमेली, त्यात तीन सिमेंट. वाळू उरली पाच. म्हणजे तीनास पाच. तीनास आठ लिहिलं तर सिमेंट दोनदा मोजलं की हो!"

"आणि विरुद्ध?"

"पाचास तीन. वाळू आधी बोलायची."

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे माझा एक मार्क गेला!"

"तुमचे बावीसचे एकवीस झाले, ताई. सही तरी होतेच," मी म्हटलं. सगळ्यांचे पेपर परत घेतले, सातवा प्रश्न तपासला आणि स्वतःच्या कागदावर लाल पेनाने मोठी फुली मारली. मिस्त्रींच्या १९ वर रेघ ओढून २० लिहिताना मला फार आनंद झाला. टाळ्या पहिल्यांदा ताईंनीच वाजवल्या.

मी फॉर्मवर सही केली. मिस्त्रींनी तो दोन्ही हातांनी धरला, ओल्या भिंतीला बोट लागू नये तसा.

"बाई, पहिल्या दिवशी तुम्ही मला विरुद्ध चारास एक म्हणाला होतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलंच माझं."

"नाही हो. घरी जाऊन मी घमेली मोजली. पाचात एक आपलं निघालं. तेवढ्यावरच दर रविवारी आलो." मग ते मिश्कील हसले. "आता किती?"

"आता बाजूने नवास एक."

त्यांनी बोटं मोजली. "म्हणजे दहात नऊ. एक घमेलं वाळू राहिलीच की!"

"ती उपसायला पुढच्या रविवारी या," मी म्हटलं. "आणि उत्तरांचा कागद तुम्हीच तपासा."