फौजदाराच्या अंगाचा वास

कुत्र्याचं नाव फौजदार, आणि चोरीचा आळ त्याच्यावरच. गावात याच्यावर हसून झालं होतं, पण गोजराबाईला हसू येत नव्हतं. शेजारच्या उकंडरावाने तिला स्पष्टच बजावलं होतं, दसऱ्यापर्यंत कुत्र्याची वाट लाव, नाहीतर मी लावतो. म्हणजे भाकरीत विष घालून. उकंडराव बोलला की करतोच, हे सगळ्या गावाला ठाऊक. आणि दसरा तर तोंडावर आला होता.

गोजराबाई शेतातल्या घरात एकटी राहत होती. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला कंपनीत. रानडुकरांनी सोयाबीन ठेवलं ते फौजदारामुळे. तांबूस, लटकत्या कानांचा, अंगाने दणकट आणि स्वभावाने इतका गरीब की कोंबडीची पिल्लं त्याच्या पाठीवर चढायची. पण उकंडरावाचं शेरडाचं पिलू गेलं ना. पांढऱ्या बकरीचं, कपाळावर काळा टिळा असलेलं. संध्याकाळी होतं, सकाळी नव्हतं. उकंडराव शेताशेताच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने बोंबलत फिरला, आणि त्याच सकाळी गोजराबाईने दार उघडलं तर फौजदार उंबऱ्याशी उभा, तोंडाला रक्त, आणि मेलेल्या जनावराचा असा भपकारा की बाईने पदर नाकाला लावला.

इथे तिने जे केलं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. आधी तिने हातातला झाडू त्याच्या पाठीत घातला. मग इकडेतिकडे पाहिलं, ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं, फडकं चुलीत घातलं आणि कुत्र्याला कपड्याच्या साबणाने घासून काढलं. यानंच खाल्लं, असं तिने मनात धरूनच टाकलं. आणि धरल्यावर लपवायला लागली. दुसरं काय करणार, पोटच्या पोरासारखा वाढवलेला!

पण वास काही जाईना. आंघोळीनंतर घटकाभर साबणाचा वास, की पुन्हा तेच. म्हणून ती रोज धुवायला लागली, सकाळी, कधी संध्याकाळीही. कोणी पाहू नये म्हणून ओला असतानाच त्याला टिनाच्या कोठ्यात, गाईच्या रिकाम्या गोठ्यात बांधायची, खाली गोणपाट. ऊन नाही, वारा नाही. आता त्याच्या अंगाला खवट लोण्यासारखा आणखी एक वास यायला लागला. काखेतली कातडी काळी, जाड आणि चिकट झाली. कान झटकून झटकून तो हैराण. पावसाळ्यापासून तो अंग खाजवत होताच, पण कुत्रं म्हटलं की खाजवणारच, असं म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं.

बायका विहिरीवर म्हणायला लागल्या, एवढं धुऊनही वास जात नाही, म्हणजे पाप अंगात मुरलं. रुखमाबाईने तर सांगितलं, रक्ताची चटक लागलेलं कुत्रं असंच वास मारतं. गोजराबाई मान खाली घालून घागर भरायची. रात्री वाऱ्याने पान हललं तरी तिला वाटायचं, उकंडराव आला. सकाळी उठली की आधी कोठ्यात जाऊन कुत्र्याची छाती हलते का ते पाहायची, मग चूल पेटवायची.

शेवटी तिनेच ठरवलं. विष खाऊन तडफडण्यापेक्षा दूर कुठेतरी जगू दे. शेलूबाजाराला मोठा रस्ता, हॉटेलं, मटणाची दुकानं. तिथे सोडून द्यायचा. भल्या सकाळी तिने त्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि मोईनची काळीपिवळी जीप थांबवली. मोईन भला माणूस. त्याने कुत्र्याला मागे घेतलं, पण अर्ध्या वाटेत लोकांनी खिडक्यांतून तोंडं बाहेर काढली. एकाने तर नाक दाबूनच विचारलं, मावशे, काय मेलेलं घेऊन चालली का? गोजराबाईचं लक्ष फौजदाराकडे होतं. रस्ताभर गाडी हेलकावे खात होती, पण तो बसला नाही. पाय फाकून उभाच राहिला.

शेलूबाजाराला उतरल्यावर दोरी सोडायला तिला हात होईना. मटणाच्या दुकानापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. कुत्रा तिच्या पायाला खेटून उभा. मग तिला जनावरांचा सरकारी दवाखाना दिसला. गाय होती तेव्हा ती इथे यायची. आणि तिच्या डोक्यात भलतंच आलं. खाल्लं की नाही, हे एकदा कळू तर दे. खाल्लं असलं तर सोडून देताना मन तरी खाणार नाही.

डॉक्टरीण नवी होती, वैभवी नावाची. टेबलाशी उभं राहून गोजराबाईने हळूच विचारलं, "बाई, याच्या पोटात बकरीचं पिलू हाय का, तेवढं पाहून सांगता का?"

डॉक्टरीण हसली नाही. तिने सगळं विचारून घेतलं. पिलू कधी गेलं, रक्त कुठे दिसलं, वास आधीपासून होता की त्याच दिवशी सुरू झाला. मग म्हणाली की इतक्या दिवसांनी पोटात काही सापडत नसतं, ते मी सांगू शकणार नाही. पण वास कुठून येतो ते शोधते. धरमसिंग नावाच्या मदतनिसाने फौजदाराच्या तोंडाला पट्टी बांधली आणि मान काखेत धरली. डॉक्टरणीने आधी कान पाहिले, आत तपकिरी मळ. कुत्र्याच्या काखेत काचेची पट्टी दाबली, तिच्यावर रंग टाकून धुतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गोजराबाईलाही पाहायला लावलं. भुईमुगाच्या शेंगेसारखे, मधे आवळलेले बारीक जांभळे ठिपके दिसत होते, पुष्कळ. ही बुरशी आहे, डॉक्टरीण म्हणाली. थोडी प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर असतेच, पण कातडी आधीच खाजरी असली आणि ती ओली राहिली की वाढते. खवट वास तिचा.

"मी त त्याले रोज धुवून राह्यली," गोजराबाई म्हणाली.

"म्हणूनच," डॉक्टरीण म्हणाली. "पण मेलेल्याचा वास हा नाही."

तिने हातमोजे चढवले आणि शेपूट उचलली. उचलल्याबरोबर फौजदार कळवळला. ढुंगणाच्या भोकाशी खाली, एका बाजूला कातडी सुजून फुटलेली, भोवतीचे केस चिकटलेले. कुत्र्याला तिथे आत दोन बाजूंना दोन लहान पिशव्या असतात, डॉक्टरणीने सांगितलं, त्यांत वासाचं पाणी साठतं आणि शी करताना आपोआप निघून जातं. याच्या तुंबल्या. एकीत पू झाला आणि ती फुटली. तिने जखम दाबली तेव्हा रक्तमिश्रित घट्ट पू आला, दुसऱ्या बाजूची पिशवी बोट घालून पिळली तेव्हा सडक्या मासळीचा वास आला, आणि धरमसिंगानेही तोंड फिरवलं. गोजराबाईने मात्र फिरवलं नाही. हाच तो वास होता. हाच, उंबऱ्याशी आलेला.

"जिथं दुखतं तिथं कुत्रं चाटतं," डॉक्टरीण जखम धुता धुता म्हणाली. "तोंडाला रक्त लागलं ते याचं स्वतःचं. तोंडाला वासही इथलाच. हा बूड घासत होता का हो जमिनीवर?"

घासत होता. महिनाभर घासत होता. गोजराबाईने जंताची गोळी आणून दिली होती आणि त्याच्या घसपटत चालण्यावर हसलीही होती. आणि त्या सकाळी, गळू फुटून तो ठणकत दाराशी आला, तेव्हा पाठीत झाडू घातला. तिला एकदम रडू आलं. डॉक्टरीण सांगत होती की गोळ्या मधेच बंद करू नका, हा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदाच, फेस दहा मिनिटं राहू द्या, मग धुऊन उन्हात अगदी कोरडं करा, कपड्याचा साबण बंद, गोणपाट बंद, कानात थेंब टाका, घरी जुनी बादली कापून गळ्यात अडकवा म्हणजे चाटणार नाही. पुन्हा दाखवायला आणा, आणि मूळची खाज कशाची ते तेव्हा पाहू. गोजराबाई प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती आणि डोळे पुसत होती.

ती परत आली तेव्हा दुपार कलली होती. धुऱ्यावर उकंडराव बकऱ्या चारत होता. कुत्र्याला पाहून तो दचकलाच. गोजराबाई थेट त्याच्यासमोर गेली. आजवर त्याला पाहून वाट बदलणारी बाई, पण आज तिला भीती राहिली नव्हती. तिने काही समजावलं नाही, फौजदाराची शेपूट उचलली.

"पाहा. रगत इथलं होतं."

उकंडराव वाकला. माणूस तापट, पण जन्म बकऱ्यांमागे गेलेला. गळू त्याला कोणी शिकवायला नको. जखमेकडे त्याने बराच वेळ पाहिलं, बाजूची सूज बोटाने अलगद चाचपली.

"माह्या बकरीले झालं असतं त मी दुरूनच वळखलं असतं," तो पुटपुटला. "मंग माह्यं पिलू?"

"ते मले काय मालूम? पण यानं नाई नेलं. याले त बसता येत नोयतं, हा काय पिलू मारंल?"

बोलण्याच्या नादात तिच्या हातून दोरी सुटली होती. फौजदार घराकडे निघाला, नाक जमिनीला लावून, टिनाच्या कोठ्याच्या दिशेने. सकाळपासून उपाशीच होता.

उकंडरावाने मान वर केली आणि त्याचा चेहरा उतरला. हातातली काठी टाकून तो म्हातारा असा पळाला की बकऱ्या बुजल्या. दोरीचं शेवटचं टोक कोठ्याच्या दारात त्याने पायाखाली दाबलं, तेव्हा कुत्र्याचं नाक आतल्या एका कागदावर होतं. कागदावर गूळ-भाकरीचा काला.

"बांध त्याले! आधी बांध!" उकंडराव ओरडला.

गोजराबाईने कुत्र्याला मिठीत धरून मागे ओढलं. उकंडरावाने कागद गोळा केला, खाली सांडलेला कणन्‌कण वेचला, वरची मातीही उकरून घेतली. तुझं घर बंद दिसलं, त्याने खाली मान घालून सांगितलं, वाटलं कुत्रं घरात कोंडलं असंल, कोठ्यात आलं की खाईल म्हणून विष कालवून ठेवलं. दसऱ्यापर्यंत दम निघाला नाही.

"माह्या मनात पाप होतं, गोजरा," तो म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. गोजराबाईला त्याला शिव्या घालता आल्या असत्या, सात पिढ्या उद्धरता आल्या असत्या. तोंडापर्यंत आल्याही होत्या.

"तुमाले त निस्ता वास आला होता," ती म्हणाली. "त्याच्या तोंडचं रगत मी पाह्यलं, दादा. मीच पुसलं. मारलं बी मीच. तुमच्याआधी मीच त्याले चोर ठरवला."

 उकंडराव तो कागद पुरायला खड्डा खणायला लागला, खोल. गोजराबाई त्याला कुदळ आणून द्यायला उठली, तर दोरीला ओढ लागली नाही. तिने वळून पाहिलं. फौजदार उन्हाच्या तुकड्यात, तिच्या चपलेशेजारी, बेताबेताने खाली टेकला होता. कितीतरी दिवसांनी बसला होता.