डावा डोळा राहून गेला

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या फोटोवालीला सकाळी पहिला फोटो घरच्याच माणसाचा लागायचा. कॅमेरा रात्रभर झाकून ठेवलेला, भिंगावर धुळीचा एखादा कण बसला तर तो दिवसभर प्रत्येकाच्या फोटोत त्याच जागी डाग होऊन दिसणार, आणि मग निस्तरत बसा. म्हणून पेशंट आत घेण्याआधी ती एक फोटो काढून बघायची. डोळा असायचा तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचा. दादा दवाखान्याची व्हॅन चालवायचा, लांबच्या वस्त्यांतून म्हाताऱ्यांना आणून सोडायचा, आणि सकाळची पहिली खेप व्हायच्या आत चहाचा कप हातात घेऊन तिच्या अंधाऱ्या खोलीत हजर व्हायचा.

"चल चिमणे, काढ माझा मुखडा," असं म्हणून तो हनुवटी ठेवायचा. मुखडा कसला, उजव्या डोळ्याचा आतला पडदा. यंत्र उजवीकडून सुरू होतं, म्हणून उजवा. धूळ एका फोटोत कळते, मग दुसरा डोळा कशाला? फोटो बघायचा आणि पुसून टाकायचा. अशी किती वर्षं गेली, आणि या बाईला, जिच्या हाताखालून गावभरचे डोळे गेले, स्वतःच्या भावाचा डावा डोळा कधी बघावासा वाटला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या दिवशी दादाच्या उजव्या पापणीवर रांजणवाडी आली होती. डोळा टम्म सुजलेला, उघडेना.

"आज सुट्टी दे," दादा म्हणाला.

"दुसरा आहे ना तुला? ठेव हनुवटी."

फ्लॅश पडला. मॉनिटरवर नारिंगी गोल उमटला आणि तिला आधी वाटलं, उजेड जास्त झाला. डोळ्यामागची नस जिथून बाहेर पडते, तिथे पडद्यावर एक फिकट गोल दिसतो. त्याच्या मधोमध लहानशी पांढरट वाटी असते, आणि वाटीभोवती गुलाबी काठ. तो काठ म्हणजे नसेचे लाखो धागे, बघण्याचं सगळं काम त्यांचं. दादाच्या फोटोत वाटी पसरून खूपच मोठी झाली होती. खालच्या बाजूला तर काठ उरलाच नव्हता. रक्तवाहिनी कडेवरून आत बुडी मारून नाहीशी झाली होती.

तिने भिंग पुसलं. परत काढला. तीच वाटी.

हे तिने रोज बघितलं होतं, लोकांच्या डोळ्यांत. याला काचबिंदू म्हणतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. त्यांचे वडील याच दुखण्याने गेले होते, म्हणजे माणूस जगला, पण नजर गेली. भिंतीला हात लावत चालायला लागले तेव्हा घरच्यांना कळलं, आणि त्यांना स्वतःलाही तेव्हाच कळलं. आता दादाची पाळी? आणि हा माणूस रोज म्हाताऱ्यांनी भरलेली गाडी हाकतो!

"काय गं, भूत दिसलं का?" दादाने विचारलं.

"बस तिथेच. चहा खाली ठेव."

डॉक्टरबाईंनी फोटो बघितला, दादाच्या डोळ्यांचा दाब मोजला. डाव्यातला बराच वाढलेला होता, उजव्यातलाही जरा वरच. पापणी जपून उचलून उजव्याचा फोटोही काढून घेतला, त्यातली वाटी लहान, काठ भरलेला.

दादा हुज्जत घालायला तयारच होता. "मॅडम, मला दुखत नाही, खुपत नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवतो."

"वाचालच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दाब सावकाश वाढतो, म्हणून दुखत नाही. आणि मधली नजर शेवटपर्यंत टिकते. आधी कडेकडेची जाते. जा, तुमच्या बहिणीच्या यंत्रावर बसा."

उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून तिने त्याला कडेची नजर मोजणाऱ्या, पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. दादा ऐटीत दाबत होता. मधेच थांबला. मग वैतागला.

"चिमणे, तुझं यंत्र बिघडलंय. दिवे लावायचंच विसरतं हे."

यंत्र दिवे लावत होतं. तिला समोर दिसत होतं. वरच्या बाजूला, नाकाकडे, एकामागून एक, आणि दादाचा अंगठा गप्प होता. तिने ओठ घट्ट मिटले. मोठ्या भावापुढे रडायचं नाही हे ठरवायला तिला सगळा जोर लावावा लागला.

चाचणी संपल्यावर उजव्यावरची पट्टी तशीच ठेवून डॉक्टरबाईंनी लाल टोपणाचं पेन धरलं. "माझ्या नाकाकडे बघा. टोपण दिसतंय?"

"दिसतंय."

पेन वर आणि त्याच्या नाकाच्या बाजूला सरकलं. "आता?"

"आता... अहो, कुठे ठेवलंत?"

"इथेच आहे."

दादा पहिल्यांदा घाबरला. "पण मला काळं काही दिसत नाही हो. भिंत दिसतेय, सगळी पांढरी."

"काळं दिसत नसतंच. गेलेली जागा मेंदू आजूबाजूच्या भिंतीने भरून काढतो, आणि उरलेलं उजवा डोळा भरतो. म्हणून तर कुणी वेळेवर येत नाही."

"म्हणजे आमच्या बाबांसारखं होणार?" हे विचारलं दादाने नाही, तिने. आवाज चिरकला होता.

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "बाबांना कळलं तेव्हा उरलेलं काही नव्हतं. यांच्या डाव्या डोळ्याच्या नजरेचं एक टोक गेलंय, ते परत येणार नाही, खोटं सांगणार नाही मी. पण बाकी सगळं शाबूत आहे. रोज थेंब घालायचे, दाब खाली आणायचा, वाचवायला भरपूर आहे."

"आणि गाडी?" दादाने हळूच विचारलं.

ते रांजणवाडी उतरल्यावर तपासूनच ठरणार होतं, तोवर व्हॅन दुसऱ्याकडे गेली आणि दादा चेहरा पाडून बाकावर बसला. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून चाचणी झाली. डाव्याला जिथे दिसत नव्हतं तिथे उजव्याला दिसत होतं, कुठेच रिकामी जागा नाही. डॉक्टरबाईंनी किल्ली स्वतः त्याच्या हातात दिली, तपासण्या चुकवायच्या नाहीत या अटीवर. दादाने ती खिशात घातली आणि बाहेर जाऊन उगाचच गाडीची काच पुसत बसला.

थेंबांनी दाब उतरला. दादा रोज थेंब घालायचा आणि वर बहिणीला ऐकवायचा, "घातले बरं का, ठाणेदारीणबाई." तिने मात्र सकाळचा रिवाज बदलला. कुणीही हनुवटी ठेवो, धूळ बघायची असो वा काही, दोन्ही डोळे.

पुढच्या वर्षी तिने डाव्याचा नवा फोटो काढला आणि जुन्याशेजारी ठेवला. तीच वाटी, तोच झिजलेला काठ, रक्तवाहिनी त्याच जागी बुडालेली. दिव्यांच्या चाचणीतही दिवे तिथलेच चुकले, एकही नवा नाही. ती बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"काय झालं? सुधारलं नाही?" दादाने विचारलं.

"नाही."

"बिघडलं?"

"नाही रे दादा. काहीच झालेलं नाही."

"मग रडतेस कशाला, वेडाबाई?" म्हणत त्याने चहाचा कप तिच्या हातात दिला, आणि आपला डावा डोळा बाहीने पुसला.